निबंधात मेसोपोटेमिया कशाला?

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत २४ वर्षे इंग्रजी शिकवतो. मुलगी सांगलीत सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. जलसंपदा विषयात एमएससाठी परदेशी अर्ज करतो आहोत. एसओपी, म्हणजे अर्जासोबतचा निबंध, सोबत जोडला आहे. त्याची सुरुवात मी स्वतः लिहिली आहे. मुलीला ती ‘खोटी वाटते’. मला ती प्रभावी वाटते. २०१९ च्या पुरात आमच्या घरात पाणी आले नव्हते, पण तसे लिहिले तर जास्त परिणाम होईल का? जीआरई द्यावी का?

उत्तर : सर, जीआरई काही विद्यापीठं मागतात, काही नाही, प्रत्येकाच्या प्रवेशाच्या पानावर बघून ठरवा. आयईएल्टीएस मात्र लवकर उरकून टाका.

आता मुद्द्याचं. तुमच्या पत्रात ‘अर्ज करतो आहोत’ असं आहे. अर्ज मुलगी करते आहे. तिथे जाऊन रात्री दोनला असाइनमेंट तीच लिहिणार आहे, तुम्ही नाही. तिने स्वतःहून ‘खोटी वाटते’ म्हटलं, तिथेच तुम्ही पेन खाली ठेवायला हवं होतं. तुमची परवानगी घेऊन मी तिच्याशी फोनवर वीस मिनिटं बोललो, ते पुढे येईलच. आधी तुमची सुरुवात. मूळ इंग्रजी आहे, मी मराठीत देतो :

“पाणी म्हणजे जीवन. मेसोपोटेमियापासून सिंधू संस्कृतीपर्यंत मानवाची प्रगती नद्यांच्या काठीच झाली. आज संपूर्ण जग भीषण जलसंकटाच्या उंबरठ्यावर उभे आहे. अलमट्टी धरणामुळे माझे शहर बुडताना मी पाहिले आणि लहानपणापासून उराशी बाळगलेले स्वप्न पक्के झाले : जलव्यवस्थापनात क्रांती घडवायची.”

यातलं प्रत्येक वाक्य घ्या आणि विचारा, हे याच विषयाला अर्ज करणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या निबंधात चिकटवलं तर कळेल का? पहिली तीन वाक्यं कुणाचीही होऊ शकतात. शेवटच्या वाक्यातलं स्वप्नही. उरलं अलमट्टीचं. ते तुमच्या गावचं आहे खरं, पण सगळ्यात धोक्याचं तेच आहे. महापुराला कर्नाटकातल्या अलमट्टीचा फुगवटा, म्हणजे धरणामुळे मागे तुंबणारं पाणी, कितपत जबाबदार, यावर सांगली-कोल्हापुरात वर्षानुवर्षं वाद चालू आहे. राज्य सरकारनेच नेमलेल्या वडनेरे समितीने २०१९ च्या पुराचा दोष अलमट्टीला दिला नव्हता. ज्या विषयातला वाद सोडवायला शिकायला जायचं, त्याचा निकाल पहिल्या परिच्छेदात एका ओळीत लावून टाकायचा? वाचणारा प्राध्यापक नदीशास्त्राचा असेल तर त्याचं वाचन तिथेच अडखळेल.

तुमची चूक कुठून आली तेही ओळखीचं आहे. आपल्याकडे शाळेत निबंध सुविचाराने सुरू करायचा, मग इतिहास, मग समस्या, शेवटी संकल्प, असा साचा मुलांच्या हातात देतात, आणि त्याला मार्कही मिळतात. मोठ्या गोष्टीने सुरुवात केली की विचार मोठा दिसतो, हा समज तिथलाच. एसओपी वाचणाऱ्याला पाण्याचं महत्त्व पटवायचं नसतं. तो आयुष्यभर त्यातच काम करतो आहे. त्याला एवढंच बघायचं असतं की या मुलीने खऱ्या माहितीत हात घातला आहे का, आणि कुठे अडली ते तिला सांगता येतं का. सुरुवात जितकी व्यापक, तितकं हे दोन्ही दिसत नाही.

घरात न आलेलं पाणी आणायची कल्पना तर सोडूनच द्या. ती नुसती थाप आहे म्हणून नाही. मुलाखत झाली आणि कुणी विचारलं, पाणी किती चढलं होतं, उतरायला किती दिवस लागले, तर ती काय सांगेल?

बहुतेक वेळा खरी सुरुवात त्याच मसुद्यात पुढे कुठेतरी दडलेली असते. तुमच्या मसुद्यात ती दुसऱ्या पानावर आहे, अर्ध्या ओळीत : “अंतिम वर्षाच्या प्रकल्पात मी कृष्णेची पातळी व विसर्ग यांचा अभ्यास केला.” मी मुलीला फक्त एवढंच विचारलं, या प्रकल्पात काय बिघडलं? त्यावर ती थांबेचना.

सांगलीत पावसाळ्यात जो तो कृष्णेवरच्या आयर्विन पुलाबद्दल विचारतो, आयर्विनला पाणी किती? ४० फूट इशारा, ४५ धोका, हे पोरासोरांना पाठ. २०१९ ला ते ५७ च्या वर गेलं. पुलावर पातळी वाचणं सोपं. पाणी सेकंदाला किती वाहतंय, म्हणजे विसर्ग, तो रोज मोजणं अवघड. म्हणून जुन्या नोंदींवरून दोघांचं नातं दाखवणारा एक वक्र बसवतात आणि पातळीवरून विसर्ग काढतात. तिने तो बसवला. कमी पाण्याला छान बसला. पुराच्या काही दिवसांचे बिंदू मात्र बाजूला पडले : पातळी जास्त, विसर्ग त्या मानाने कमी. तिला सांगण्यात आलं, नोंदी चुकल्या असतील, वगळ. तिने वगळले नाहीत. तिच्या लक्षात आलं की पुलाच्या खाली थोड्याच अंतरावर, हरिपूरला, वारणा कृष्णेला मिळते आणि त्या दिवसांत वारणाही भरून वाहत होती. पुढे वाट अडली की मागे पाणी फुगतं. पातळी चढते, पण वाहणारं पाणी तेवढं वाढत नाही. म्हणजे तिथे एक वक्र पुरत नाही. मग काय वापरायचं, हे तिला माहीत नव्हतं.

सर, हीच तुमच्या लेकीची एसओपी आहे. तिने मला पाठवलेला नवा पहिला परिच्छेद असा :

“माझ्या शहरातल्या पुलाजवळची पाण्याची पातळी वाचून कृष्णा नदीचा विसर्ग सांगता यावा, म्हणून मी अंतिम वर्षात एक वक्र बसवला. पुराच्या दिवसांचे बिंदू त्यावर बसेनात. ते वगळावेत असे सुचवले गेले. पण ते सगळे एकाच बाजूला पडले होते. नुसती मोजणीची चूक असती तर दोन्ही बाजूंना पडले असते. पुलाच्या खाली एक उपनदी मिळते आणि त्या दिवसांत तिलाही पूर होता. तिच्या फुगवट्यामुळे हे झाले असावे असे मला वाटते. ते सिद्ध करायला बदलत्या प्रवाहाचे गणित लागते, आणि ते मला येत नाही.”

‘दोन्ही बाजूंना पडले असते’ हे वाक्य मी सुचवलेलं नाही, तिचं आहे. तसं चूक दर वेळी दोन्ही बाजूंना पडतेच असं नाही. मोजपट्टीच सरकलेली असेल तर ती एकाच बाजूला पडते. ते तिला सांगितलं, तेव्हा ‘मग कमी पाण्याचे बिंदूही सरकले असते ना?’ असा तिचा उलटा प्रश्न आला. हे उत्तरही परिच्छेदात घालायला सांगितलं आहे. ‘असावे असे मला वाटते’ हे तुम्ही खोडाल, कारण त्याने आत्मविश्वास कमी दिसतो असं तुम्हाला वाटेल. खोडू नका. पुरावा जेवढा, तेवढाच दावा आहे तो. शेवटचं वाक्यही राहू द्या. पुढच्या परिच्छेदात त्या विद्यापीठाचे नेमके कोणते विषय तिला लागतात ते आपोआप येईल.

नावांची गर्दी तिने टाळली आहे, तेही बरोबर. हरिपूर, वारणा, आयर्विन ही नावं परदेशी वाचकाला एका दमात पचणार नाहीत. लागलीच तर पुढे एकेक येऊ देत.

तुमचं काम उरतं ते तिने मागितलं तर ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ तपासायचं. आणि हो, ‘सुचवले गेले’ तसंच ठेवा. कुणी सुचवलं ते लिहू नका, शिफारसपत्र बहुधा त्यांच्याकडूनच घ्यायचं असेल.