सुधारित अंदाजपत्रक नेमके कोणते? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या संगणकात ‘सुधारित’, ‘सुधारित नवे’ आणि ‘अंतिम’ अशा तीन फायली आहेत. सभासद विचारतात, जूनमध्ये टँकरसाठी किती तरतूद होती? उत्तर कुठून द्यावे?
— खजिनदार, विजापूर रोड, सोलापूर

मूळ अंदाजपत्रक ज्या दिवशी मंजूर झाले, त्या दिवसापासून त्यातील एकही आकडा खोडू नये. पुढचा प्रत्येक बदल त्याच फाईलमधील वेगळ्या पानावर, म्हणजे बदल-नोंदवहीत, लिहावा आणि चालू रक्कम मूळ आकड्यात नोंदी मिळवून काढावी. असे केले की तीन फायलींची गरजच उरत नाही.

समजा, २०२५-२६ चे मूळ अंदाजपत्रक १२,४०,००० रुपयांचे होते आणि त्यात टँकरसाठी ९०,०००, रंगकामासाठी २,००,००० व आकस्मिक खर्चासाठी ५०,००० रुपये होते. नळाचे पाणी दिवसाआड सोडाच, त्याहूनही उशिरा येऊ लागल्याने टँकरची तरतूद १,५०,००० करावी, असे १५ जून २०२५ च्या सभेत ठरले. या एका निर्णयाच्या नोंदवहीत तीन ओळी होतील: टँकर अधिक ६०,०००, रंगकाम उणे ४०,००० आणि आकस्मिक उणे २०,०००. तिन्हींवर ‘सुधारणा क्र. १’ हेच नाव, तीच तारीख आणि तोच ठराव क्रमांक असावा. (‘दुरुस्ती क्र. १’ असे नाव देऊ नका. इमारत दुरुस्तीच्या लेखाशीर्षाशी त्याची हमखास गल्लत होते.) तिन्ही ओळींची बेरीज शून्य येते, म्हणजे हे केवळ एका शीर्षातून दुसऱ्या शीर्षात केलेले वर्गीकरण आहे आणि एकूण अंदाजपत्रक वाढलेले नाही, हे पाहताक्षणी कळते. पुढे नव्या पंपासाठी सभासदांकडून ८५,००० रुपये जादा वर्गणी घेण्याचे ठरले, तर ती ‘सुधारणा क्र. २’, तिच्यात जमा आणि खर्च दोन्ही बाजू वाढतील आणि एकूण १३,२५,००० होईल. कोणता बदल समिती करू शकते आणि कोणत्या बदलाला सर्वसाधारण सभा लागते, हे तुमच्या उपविधींवरून ठरवावे. ज्या सभेत तो बदल मंजूर झाला, तिचाच ठराव क्रमांक नोंदीत यावा.

नोंदवहीच्या पानाला Log नाव देऊन B स्तंभात मंजुरीची तारीख, C मध्ये शीर्षाचा संकेतांक आणि D मध्ये बदलाची रक्कम ठेवा. मुख्य पानावर A मध्ये संकेतांक, C मध्ये मूळ रक्कम आणि B1 मध्ये हवी ती तारीख असेल, तर पाचव्या ओळीतील शीर्षासाठी हे सूत्र लिहावे:

```
=C5+SUMIFS(Log!D:D,Log!C:C,A5,Log!B:B,"<="&$B$1)
```

B1 मध्ये १० जून घातल्यास टँकरसमोर ९०,००० आणि २० जून घातल्यास १,५०,००० दिसतील. सभासदाला हेच उत्तर द्यायचे आहे.

सूत्र बसवले, पण दोन नोंदी बेरजेत येतच नाहीत. असे का होते?
— लेखापाल, टॉवेल कारखाना, अक्कलकोट रोड

बहुधा तारीख मजकूर म्हणून टाइप झाली आहे. अशी तारीख डोळ्यांना अगदी बरोबर दिसते, पण सूत्र तिची तुलना करू शकत नाही आणि कोणतीही चूक न दाखवता ती ओळ वगळते. `=ISNUMBER(B7)` लिहून पाहा. FALSE आले, तर तारीख पुन्हा नीट टाका. दुसरे कारण संकेतांकातील फरक, म्हणजे एकीकडे `YARN` आणि दुसरीकडे `YRN`. म्हणून मुख्य पानावरील सर्व शीर्षांच्या वाढ-घटीची एकत्रित बेरीज नोंदवहीतील मंजूर ओळींच्या बेरजेशी दर महिन्याला ताडून पाहावी. फरक आला, तर एखादी ओळ निसटली आहे. शीर्षांतराच्या नोंदीतील एकच ओळ निसटली, तरी हा फरक लगेच दिसतो.

योग्य तारीख नसलेली ओळ सूत्र वगळते, या गुणाचा उपयोगही होतो. मसुद्यातील प्रस्तावाची नोंद करून मंजुरीची तारीख कोरी ठेवली, तर ती रक्कम मंजुरी मिळेपर्यंत धरली जात नाही. त्या ओळीवर ‘मसुदा’ असे स्पष्ट लिहावे.

सुधारणा क्र. १ मध्ये चुकून ६,००० ऐवजी ६०,००० लिहिले आणि प्रत वाटूनही झाली. आता ओळ बदलू का?
— एका शिक्षणसंस्थेचे कार्यालयीन लिपिक

बदलू नका. ठरावात ६,००० असेल, तर आजच्या तारखेने उणे ५४,००० ची नवी ओळ ‘शुद्धी, सुधारणा क्र. १’ या नावाने घाला आणि कारण लिहा. जुनी ओळ बदलली, तर वाटलेल्या प्रतीशी वही जुळणार नाही आणि लेखापरीक्षकाला दोन्हींपैकी खरी कोणती हे ठरवता येणार नाही. ठरावातच ६०,००० असेल, तर मात्र ती शुद्धी नव्हे. नवा ठराव करून ‘सुधारणा क्र. २’ करावी लागेल.

प्रत वाटताना फाईलचे नाव `Budget_2025-26_S1_2025-06-15.xlsx` असे ठेवा. वर्ष आधी लिहिल्यामुळे यादीत फायली आपोआप क्रमाने लागतात. हेच नाव छापील प्रतीच्या प्रत्येक पानाच्या तळाशी यावे, कारण सूचनाफलकावरून निघालेले सुटे पान कोणत्या सुधारणेचे आहे, हे त्यावरूनच कळते.