आधी पदवी मिळवलेली की मानद, ते बघा

भाऊ, नेत्याच्या नावामागे ‘डॉ.’ दिसलं की ती पदवी खरी का ते तपासायला थेट विद्यापीठात धावू नका. पहिली चूक तिथेच होते. आधी त्याचं निवडणुकीचं प्रतिज्ञापत्र काढा. ते नमुना २६ मध्ये असतं आणि त्यातल्या शिक्षणाच्या रकान्यात विद्यापीठ आणि वर्ष लिहावं लागतं. ते affidavit.eci.gov.in वर सापडतं. भाषणातला दावा आणि हा रकाना जुळत नसेल, तर अर्धं काम झालंच.

मग पदवी कमावलेली की मानद, ते ठरवा. बाबासाहेबांचंच बघा. लंडनची डी.एस्सी. (१९२३) प्रबंध लिहून मिळवलेली, तर उस्मानियाची डी.लिट. (१९५३) मानद. पहिलीची नोंद परीक्षा विभागाकडे शोधायची, दुसरीची दीक्षान्त समारंभाच्या कागदांत.

आपल्या नागपूर विद्यापीठासाठी माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून द्या. ‘पदवी खरी आहे का?’ असं विचारू नका, अधिकारी मत देत नसतो. ‘अमुक वर्षीच्या दीक्षान्त समारंभात मानद पदवी दिलेल्यांची यादी आणि संबंधित ठराव यांच्या प्रती द्याव्यात’ असं लिहा. मानद पदवी जाहीर समारंभात दिली जाते, म्हणून ही माहिती मिळणं सोपं. गुणपत्रिका मागितली तर ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार येऊ शकतो. त्या नकारावरून पदवी खोटी असं लिहून मोकळे होऊ नका.

आणि पदवी देणारी संस्था विद्यापीठच नसेल, तर यूजीसीची बनावट विद्यापीठांची यादीही चाळा.