राजीनामा देताना चालू शॉटबद्दल नेमकं काय लिहायचं?

"पुण्यातल्या एका स्टुडिओत दीड वर्षापासून ज्युनियर ॲनिमेटर आहे. आता फ्रीलान्स करायचं ठरवलंय. हातात चार शॉट चालू आहेत. राजीनाम्याचं पत्र कसं लिहू आणि हँडओव्हरबद्दल त्यात काय म्हणू?"

मेल पाठवायच्या आधी तुमच्या लीडला प्रत्यक्ष भेटून सांगा. एचआरकडून कळलं तर त्याला वाईट वाटेल, आणि पुढचं सगळं त्याच्याबरोबरच ठरवायचं आहे. पत्र मात्र छोटंच असू द्या. नोटीस किती दिवसांची आहे ते नेमणूकपत्रात बघा आणि शेवटच्या दिवसाची तारीख स्वतः मोजून लिहा.

"सगळे शॉट पूर्ण करून जाईन" असं कृपा करून लिहू नका. शॉट पूर्ण झाला की नाही हे दिग्दर्शक ठरवतो, आणि शेवटच्या आठवड्यात रीटेक आला तर तुमचा शब्द खोटा ठरेल. कुठला शॉट कुठल्या टप्प्यावर सोडणार, एवढंच लिहा.

टप्पा निवडताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: अर्धवट स्प्लाइन केलेला शॉट कुणाच्याही गळ्यात घालू नका. ब्लॉकिंगमध्ये प्रत्येक पोझच्या फ्रेमवर सगळ्या कंट्रोलच्या की एकत्र असतात, त्यामुळे नवा माणूस फाइल उघडून पोझ सरळ वाचू शकतो. स्प्लाइनला गेल्यावर आपण कंबरेच्या की दोन फ्रेम आधी, मनगटाच्या तीन फ्रेम नंतर अशा सरकवायला लागतो. काम मध्येच थांबलं तर कुठली की मुद्दाम सरकवलेली आहे आणि कुठली चुकून राहिली आहे, हे फक्त तुम्हालाच ठाऊक असतं. माझ्या पहिल्या नोकरीत मला असा एक १४४ फ्रेमचा, म्हणजे जेमतेम ६ सेकंदांचा शॉट मिळाला होता. तीन दिवस झटापट केली आणि शेवटी सगळ्या की पुसून ब्लॉकिंगपासून सुरुवात केली.

समजा, तुमच्या ०४० चं पॉलिश राहिलंय, ०५० अर्धा स्प्लाइनमध्ये आहे, ०६० चं ब्लॉकिंग मंजूर झालंय आणि ११० ला हातच लागलेला नाही. मग पत्र असं होईल:

"महोदय,
मी ज्युनियर ॲनिमेटर पदाचा राजीनामा देत आहे. यापुढे स्वतंत्रपणे काम करण्याचा माझा निर्णय झाला आहे. ३० दिवसांच्या नोटिशीनुसार ३० जून हा माझा कामाचा शेवटचा दिवस असेल. शॉट ०४० आणि ०५० मी २० जूनपर्यंत लीडच्या तपासणीसाठी देईन आणि त्यावरच्या सुधारणा शेवटच्या दिवसापर्यंत करेन. ०६० मंजूर ब्लॉकिंगवर, आहे तसा सोपवेन. ११० आजच दुसऱ्या कुणाकडे द्यावा, अशी विनंती आहे. प्रत्येक शॉटची लेखी टीप देईन आणि ज्यांच्याकडे शॉट जातील त्यांच्यासोबत बसून फाइल समजावून सांगेन. इथे शिकायला मिळालं, त्याबद्दल मनापासून आभार."

११० लगेच परत करण्यानं तुमची प्रतिमा खराब होत नाही. उलट कोऑर्डिनेटरला तो शॉट वाटायला पूर्ण महिना मिळतो.

टिपेत फाइलमध्ये दिसत नाही ते लिहायचं. उदाहरणार्थ, ०६० मध्ये पात्र टेबलावरचा कप उचलतं. फ्रेम १०४३ ला कपाचा कन्स्ट्रेंट टेबलावरून हातावर जातो. त्याची की कपाच्या कंट्रोलवर असते, पात्राच्या नाही. नव्या ॲनिमेटरनं फक्त पात्र निवडून टायमिंग चार फ्रेम पुढे ढकललं, तर हात पोचण्याआधीच कप टेबलावरून उठेल आणि त्याला कारण सापडणार नाही. म्हणून लिहा: "१०४३ ला कप हातात येतो, टायमिंग हलवलं तर कपाच्या कीही सोबत हलवा." दिग्दर्शकानं तोंडी सांगितलेलंही लिहा. "कप उचलताना तिनं त्याच्याकडे बघायचं नाही" हे कुठल्याच फाइलमध्ये नसतं. अभिनयासाठी स्वतःचा व्हिडिओ काढला असेल तर तो मोबाइलवर ठेवून जाऊ नका, शॉटच्या फोल्डरमध्ये टाका.

शेवटच्या आठवड्याआधीच या फाइल दुसऱ्याच्या मशीनवर उघडून बघा. कुठलं रिग किंवा ऑडिओ तुमच्या लोकल ड्राइव्हवरून लागत असेल तर ते तिथेच कळतं, आणि दुरुस्त करायला तुम्ही हजर असता.

आता फ्रीलान्सचं. शो-रीलसाठी शॉट लागणारच, पण नोकरीत केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, कॉपीराइट कायद्यानं स्टुडिओचा असतो. त्यामुळे फाइल घरी नेऊ नका. प्रदर्शनानंतर कोणते शॉट दाखवता येतील याची परवानगी वेगळ्या मेलवर लेखी मागा, राजीनाम्याच्या पत्रात ती घुसडू नका. सोडून गेल्यावर शंका विचारायला फोन आला तर जरूर सांगा. शॉटवर काम करायला बोलावलं, तर मात्र दर आधी ठरवा.