गॉगलवाल्या फोटोवरून पोर्ट्रेट

प्रश्न: बाबांचा एकच मोठा फोटो आहे, चौपाटीवरचा, हसतायत पण गॉगल घातलाय. आईला गॉगलशिवाय पेन्सिल स्केच हवंय. डोळे अंदाजाने काढू का?

उत्तर: अंदाजाने अजिबात नको, डोळे चुकले की आई लगेच म्हणणार हे आपले नाहीत. घरात शोध, पासपोर्ट फोटो, लोकलचा जुना पास, लग्नाचा अल्बम, काहीतरी सापडतंच. मान साधारण तशीच वळलेली असेल असा फोटो घे.

मग माप जुळव. नाकाच्या बुडापासून हनुवटीपर्यंत दोन्ही फोटोंत मोज, समजा चौपाटीवाल्यात ४ सेंमी आणि पासपोर्टमध्ये १, म्हणजे पासपोर्ट ४ पट मोठा करायचा. पण हसताना तोंड उघडं असेल तर जबडा खाली जातो आणि हे माप फसतं, तेव्हा कानाची उंची धर.

आता खरी गोची. पासपोर्टमधले डोळे गंभीर, खाली तोंड हसरं, तसंच उतरवलंस तर बाबा दचकल्यासारखे दिसतील. हसताना गाल वर चढतो, खालची पापणी वर येते, डोळा बारीक होतो, कडेला सुरकुत्या, तेवढं बदलावंच लागतं. सावली मात्र चौपाटीवाल्या फोटोतलीच, नाकाखालची बघून ठरव, कारण पासपोर्टला समोरून सपाट लाइट असतो.

मास्क असेल तर अजून कठीण, नाक, ओठ, हनुवटी सगळंच गायब. हात गालावर असेल तर राहू दे की, पोझ म्हणून छानच दिसतो.

दुसरा फोटो नाहीच मिळाला तर गॉगलसकट काढ.