नोटिसीला उत्तर देताना

छापलेल्या बातमीवर बदनामीची नोटीस आली म्हणून लगेच ती बातमी काढून टाकू नकोस. आधी बातमीतलं प्रत्येक वाक्य कागदाशी ताडून बघ. आमच्या नाशिकच्या अंकात एका रस्त्याच्या कंत्राटाची बातमी होती. वकिलांची नोटीस आली, पंधरा दिवसांत माफी मागा. मी फाइल उघडली. माहिती अधिकारातली बिलं, मोजमाप पुस्तिकेची प्रत, कंत्राटदाराला पाठवलेले प्रश्न, सगळं होतं. एक चूक मात्र सापडली: बिलाची तारीख. ती त्याच दिवशी दुरुस्त केली आणि उत्तरात तसं कबूलही केलं. बाकी आरोप परिच्छेदवार नाकारले.

उत्तर आपल्या वकिलाकडूनच जाऊ दे, पण मसुदा तू वाच. आपल्याला माहिती पुरवणाऱ्याचं नाव सूचित करणारा शब्दही त्यात नको. आणि फक्त 'बातमी खरी आहे' एवढ्यावर थांबू नकोस. दिवाणी दाव्यात सत्य पुरेसं ठरतं, पण फौजदारीत, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली, ती लोकहितासाठी छापली हेही दाखवावं लागतं. म्हणून रस्ता सार्वजनिक पैशातला आहे, हे उत्तरात स्पष्ट लिही. चिडून एकही विशेषण घालू नकोस, हे उत्तर उद्या न्यायाधीशांसमोर वाचलं जाऊ शकतं.