एकाच क्षणी रवी सिंहेत आणि कर्केतही कसा?

प्रश्न: माझा जन्म इंदूरचा, १० ऑगस्ट १९९८, सकाळी साडेआठ. मोबाइलवरचं अॅप मला 'लिओ' म्हणजे सिंह सांगतं. घरच्या पत्रिकेत रवी कर्केत आहे. आणि आजी म्हणते, तुझी रास कुंभ. यातलं बरोबर कुठलं?

उत्तर:

आजीची कुंभ आधी वेगळी काढा. आपल्याकडे नुसतं 'रास' म्हटलं की ती चंद्राची, आणि त्या दिवशी सकाळी चंद्र कुंभेत होता. त्यामुळे आजीचं बरोबर आहे, फक्त त्याचा रवीशी संबंध नाही. पत्रिका पाहताना आणखी एक गल्लत होते. कुंडलीच्या घरातला आकडा राशीचा असतो, स्थानाचा नव्हे. रवी जिथे लिहिलाय तिथे ४ असेल तर कर्क, ५ असेल तर सिंह. पत्रिकेत हे एकदा पाहून घ्या.

आता राहिले सिंह आणि कर्क. त्या क्षणी सूर्य आकाशात एकाच जागी होता. फरक पडतो तो मोजणी कुठून सुरू केली यामुळे. दोन्ही पद्धतींत सूर्याच्या वाटेचे ३० अंशांचे बारा समान भागच आहेत, पण शून्य अंशाचा दगड दोन वेगळ्या ठिकाणी रोवलेला आहे.

पाश्चात्य, म्हणजे सायन पद्धतीत हा दगड वसंतसंपातावर आहे. मार्चच्या २०-२१ तारखेला सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे येतो तो बिंदू म्हणजे मेष शून्य अंश. हे तुम्हाला डोळ्यांनी पाहता येईल. उज्जैनच्या वेधशाळेत नाडीवलय यंत्र आहे, इंदूरहून तासा-दीड तासाच्या अंतरावर. त्याला उत्तरेची आणि दक्षिणेची अशा दोन गोल तबकड्या आहेत. सूर्य उत्तर गोलार्धात असताना सहा महिने उत्तरेच्या तबकडीवर ऊन असतं, उरलेले सहा महिने दक्षिणेच्या. मार्चच्या त्या दिवसांत ऊन एका तबकडीवरून दुसरीवर जातं. सायन मेषारंभ तो हाच. याला ताऱ्यांची गरज नाही, तो ऋतूंशी बांधलेला आहे.

आपली निरयन पद्धत ताऱ्यांना धरून चालते. आणि वसंतसंपात ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर स्थिर नाही. पृथ्वी विषुववृत्तापाशी किंचित फुगीर आहे. त्या फुगीर भागावर सूर्य-चंद्राची ओढ पडते आणि पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याच्या दांडीसारखा सावकाश डोलतो. त्यामुळे संपातबिंदू दरवर्षी सुमारे ५०.३ विकला मागे सरकतो, म्हणजे साधारण ७२ वर्षांत एक अंश. ग्रीक ज्योतिर्विद हिपार्कसला हे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात कळलं, तेही चित्रा ताऱ्याची दीडशे वर्षांपूर्वीची नोंद आपल्या वेधाशी ताडून पाहताना.

या दोन दगडांमधलं अंतर म्हणजे अयनांश, आणि आपला प्रचलित अयनांशही याच चित्रेवरून ठरतो. चित्रा तारा बरोबर १८० अंशांवर, म्हणजे तुळेच्या आरंभी, आहे असं मानायचं आणि त्याच्या समोरचा बिंदू मेष शून्य धरायचा. आज चित्रेचा सायन भोग, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेलं अंतर, २०४ अंशांच्या थोडं वर आहे. त्यातून १८० वजा केले की उरतात ते २४ अंश आणि थोडं, हाच अयनांश. दोन्ही दगड इसवी सन २८५ च्या सुमारास एकाच जागी होते, तेव्हापासून अंतर वाढत गेलं. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीने २१ मार्च १९५६ साठी २३ अंश १५ कला हा आकडा घेतला. समितीचे सचिव निर्मलचंद्र लाहिरी होते, म्हणून त्याला लाहिरी अयनांश म्हणतात.

तुमच्या जन्मवेळेचं गणित असं:

```
सायन रवी        १३७° १८'   (सिंह १७° १८')
लाहिरी अयनांश  − २३° ५०'
निरयन रवी       ११३° २८'   (कर्क २३° २८')
```

१२० च्या खाली आलात म्हणून कर्क. अॅपही चुकलेलं नाही आणि पत्रिकाही नाही.

रास प्रत्येकाचीच बदलते असंही नाही. रास ३० अंशांची, वजा होतात सुमारे २४. म्हणून सायन राशीच्या शेवटच्या सहाएक अंशांत ज्यांचा रवी आहे त्यांची रास दोन्हीकडे तीच राहते. सिंहेच्या बाबतीत ते दिवस साधारण १७ ते २२ ऑगस्ट. बाकी सगळे एक रास मागे जातात. सायन मकरारंभ २१-२२ डिसेंबरला आणि आपली मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीला, हे चोवीसेक दिवसांचं अंतर म्हणजेच तो अयनांश.

पण निरयनवाल्यांतही एकमत नाही, आणि हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण घरात वाद इथेच होतात. दाते पंचांग चित्रापक्षाचं, तर टिळक पंचांग रैवतपक्षाचं. ते रेवतीतल्या एका मंद ताऱ्यापासून मोजतं, आणि त्याचा अयनांश जवळजवळ चार अंशांनी कमी येतो. तुमच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही: रैवत अयनांशानेही रवी कर्केच्या २७ अंशांवर येतो. पण तुम्ही पाच दिवसांनी, १५ ऑगस्टला त्याच वेळी जन्मला असतात, तर चित्रापक्षाने कर्क २८ आणि रैवतपक्षाने सिंह २ अंश आला असता. कोणत्याही संक्रांतीच्या, म्हणजे रवी रास बदलतो त्या दिवसाच्या, आसपास जन्म असेल तर पत्रिकेवर अयनांशाचं नाव लिहिलेलं असलंच पाहिजे. त्याशिवाय ती पत्रिका पडताळता येत नाही.

अॅपमध्ये पडताळायचं असेल तर सेटिंगमध्ये `Tropical` ऐवजी `Sidereal` निवडा, पण तिथेच थांबू नका. बऱ्याच परदेशी सॉफ्टवेअरमध्ये `Sidereal` म्हटलं की आपोआप `Fagan-Bradley` लागतो. तो लाहिरीपेक्षा ५३ कलांनी जास्त आहे, म्हणजे रवीच्या चालीने जवळजवळ २२ तासांचा फरक. `Lahiri` स्वतः निवडावं लागतं.

हाताने गणित करणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे पंचांगातला आधीच निरयन असलेला रवी घेऊन त्यातून पुन्हा अयनांश वजा करणं. मग रवी आणखी २४ अंश मागे जातो. तुमचा थेट मिथुनेत गेला असता. कोणत्याही पंचांगाचे आकडे सायन की निरयन हे ओळखायला २१ मार्चचं पान उघडा. रवी मेषेच्या आरंभी दिसला तर सायन. मीन ६ अंशांच्या आसपास असेल तर चित्रापक्षाचं निरयन, आणि मीन १० च्या आसपास असेल तर रैवत.