प्लंबरशी आणि ग्राहकाशी एकच ब्रँड कसा बोलेल?

प्रश्न: ठाण्यात घरदुरुस्तीचं अ‍ॅप काढतोय. कारागिराशी वेगळं, ग्राहकाशी वेगळं बोलायचंय. ब्रँड एकच कसा राहील?

सूर बदला, पण वस्तूंची नावं आणि आकडे बदलू नका. दोघं शेवटी एकाच दारात भेटतात आणि मोबाइल एकमेकांना दाखवतात.

समजा, प्लंबर घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून कासारवडवलीला पोहोचला आणि ग्राहकाने काम रद्द केलं. ग्राहकाला लिहा, ‘प्लंबर निघाला होता, म्हणून १०० रुपये फेरीखर्च लागेल.’ प्लंबरला, ‘काम रद्द झालं. फेरीखर्चाचे १०० रुपये आज जमा होतील.’ इकडे ‘कॅन्सलेशन फी’ आणि तिकडे ‘बोनस’ लिहिलंत, की दोघांनाही वाटतं, मधे कुणीतरी खातंय. त्यातून कमिशन कापणार असाल, तर तेही दोघांना दिसू द्या. आणि ‘दादा’ जरा जपून. कारागिरांत ताईही असतात.